बाबांच्या घड्याळाचा सेल आणि पट्टा: मेन रोडवर द्यावं की सर्व्हिस सेंटरला?

मुक्ता_इंदिरानगर | ४ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या जाणकारांकडून सल्ला हवाय.

बारा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या पगारातून बाबांना एक जपानी कंपनीचं घड्याळ घेतलं होतं. बाबा ते हातातून काढत नसत. सावरकर जलतरण तलावावर पोहायला जातानाही घड्याळ हातात असायचं. मागच्या नोव्हेंबरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पोहणं बंद झालं आणि घड्याळ कपाटात गेलं. आता डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिलीय, म्हणून परवा घड्याळ बाहेर काढलं. ते बंद नव्हतं, पण सेकंदकाटा एक-एक सेकंद न सरकता दोन सेकंद थांबून एकदम दोन घरं उडी मारत होता. वेळ मात्र बरोबर दाखवत होता. रबरी पट्टाही बक्कलाजवळ चिरलाय.

मेन रोडवरच्या एका घड्याळवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी काटा बघितला आणि म्हणाले, "सेल संपत आलाय, दोनशे रुपयांत दहा मिनिटांत बदलून देतो." कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर ते म्हणाले, घड्याळ इथे उघडत नाही, बाहेर पाठवावं लागेल, दोन-तीन आठवडे लागतील, खर्च बघून सांगू. दोनशे आणि दहा मिनिटं सोडून तीन आठवडे कशासाठी थांबायचं, हे मला कळत नाहीये. पण बाबांचा या घड्याळावर जीव आहे, म्हणून घाई करायची नाही. पट्टा कुठे मिळेल तेही सांगा.

सिडकोचा_सागर | ४ जुलै, रात्री ९:३४

ताई, सरळ काकांकडे टाका. घड्याळाचा सेल म्हणजे काय रॉकेट नाही. ३७७ नंबरचा चांदीचा सेल असतो, बऱ्याच घड्याळांत तोच बसतो. माझ्या तीन घड्याळांत मी मेन रोडलाच टाकून घेतलाय, वर्षानुवर्षं चालतात. सर्व्हिस सेंटरवाले याच कामाचे पाचपट घेतात. काटा दोन-दोन उडतोय म्हणजे सेल संपत आलाय, हे काका अगदी बरोबर बोलले.

पट्टा २२ मिलिमीटरचा घ्या, पुरुषांच्या मोठ्या घड्याळाला २२च लागतो.

वसुधा_नाशिकरोड | ४ जुलै, रात्री १०:०२

माझ्या स्मार्टवॉचची बॅटरी हल्ली अर्धा दिवसच टिकते. तीही असे बाहेरचे दुकानदार बदलून देतात का? की ते वेगळं?

काटेकोर | ४ जुलै, रात्री ११:१८

वसुधाताई, ते वेगळं. त्यात काच गरम करून, चिकटवलेला गोंद सोडवून उघडावं लागतं, त्याची चर्चा इथे नको. वेगळा धागा काढा, तिथे लिहीन.

मुक्ताताई, उद्याच्या उजेडात घड्याळाच्या डायलवर बारीक अक्षरं बघा. खाली सहाच्या आकड्याजवळ काही लिहिलंय का? आणि मागच्या झाकणावर काय काय कोरलंय ते जसंच्या तसं इथे लिहा. तोवर कुणालाही झाकण उघडू देऊ नका.

सागर, तुम्ही म्हणताय ते साध्या क्वार्ट्‌झ घड्याळासाठी खरं आहे. पण इथे मला वेगळीच शंका येतेय.

मुक्ता_इंदिरानगर | ५ जुलै, सकाळी ८:०५

काटेकोर काका, डायलवर खाली अगदी बारीक 'सोलर' लिहिलंय! बारा वर्षांत मी ते वाचलंच नव्हतं. मागे 'वॉटर रेझिस्ट १० बार', 'जपान मूव्हमेंट' आणि एक चार अक्षरी नंबर, मग आडवी रेघ आणि पुढे अजून चार. बाबा म्हणतात, सेल आजवर एकदाही बदललेला नाही.

काटेकोर | ५ जुलै, सकाळी ९:४०

शंका होती तेच निघालं. बारा वर्षांत एकदाही सेल बदललेला नाही, इथेच खरं म्हणजे उत्तर होतं. साध्या घड्याळातला चांदीचा सेल दोन-तीन वर्षं जातो, फार झालं तर पाच.

तुमचं घड्याळ उजेडावर चालतं. सिटिझन त्याला इको-ड्राइव्ह म्हणते, सेको आणि कॅसिओ सोलर म्हणतात. डायलच्या खाली सोलर सेलची पाती असते आणि डायल थोडा उजेड आत जाऊ देईल असा बनवलेला असतो. त्या उजेडावर वीज तयार होते आणि आतल्या पुन्हा भरता येणाऱ्या छोट्या सेलमध्ये साठते. घड्याळ नोव्हेंबरपासून कपाटात अंधारात होतं. अशा बऱ्याच घड्याळांचा पूर्ण भरलेला साठा अंधारात सहा महिन्यांच्या आसपास पुरतो. म्हणजे बाबांचं घड्याळ बिघडलेलं असेलच असं नाही, ते भुकेलेलं आहे.

दोन-दोन सेकंदांची उडी ही त्या घड्याळाची सांगण्याची पद्धत आहे. साठा कमी झाला की सर्किट मोटरला दोन ठोके लागोपाठ देतं आणि मग थांबतं. वेळ चुकत नाही, पण बघणाऱ्याला कळतं. बऱ्याच साध्या घड्याळांतही हीच खूण असते, काही स्विस मशीनमध्ये उडी चार सेकंदांची असते. म्हणून काकांना 'सेल संपत आलाय' वाटलं यात त्यांची चूक नाही. चूक पुढे झाली असती, झाकण उघडून साधा सेल ठोकला असता तर.

आधी घड्याळाला ऊन द्या. सल्ला एवढाच. खर्च शून्य.

सिडकोचा_सागर | ५ जुलै, सकाळी १०:१२

सोलर आहे हे माहीत नव्हतं, तेवढं मान्य. पण काका, समजा आतला सेल खरंच गेला असेल, तर त्याच मापाचा साधा सेल टाकला तर काय बिघडतं? व्होल्टेज तर जवळपास सारखंच असतं. माझ्या चुलतभावाने तसंच केलंय आणि घड्याळ चालतंय.

ओझरचा_दत्ता | ५ जुलै, दुपारी १:२५

सागरभाऊ, याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी ते भोगलंय.

माझं सोलर घड्याळ चार वर्षांपूर्वी बंद पडलं. एका दुकानदाराने साधा सेल टाकला, घड्याळ सुरूही झालं. मी खूश. दहा-अकरा महिन्यांनी ते पुन्हा बंद पडलं. दुसऱ्या एकाने उघडलं तर सेलच्या कडेने पांढरा-हिरवट खार बाहेर आला होता आणि तो खालच्या तांब्याच्या पट्टीवर चढला होता. पट्टी खाल्लेली, सर्किटचा एक कोपरा काळा पडलेला. नवीन मशीन टाकायचं तर किंमत घड्याळाच्या निम्म्याला गेली. ते घड्याळ आजही ड्रॉवरमध्ये पडून आहे.

कारण त्याने मला नीट समजावलं. घड्याळ हातात असलं की उजेड पडतो, आणि उजेड पडला की पाती सेलमध्ये वीज ढकलते. साधा चांदीचा सेल भरून घेण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो वीज फक्त देतो. त्यात उलटी वीज ढकलत राहिलं की आत वायू होतो, दाब वाढतो आणि शेवटी तो कडेने गळतो. तुमच्या भावाचं घड्याळ चालतंय, त्याला किती महिने झालेत तेवढं विचारा.

काटेकोर | ५ जुलै, दुपारी २:५०

दत्ताभाऊंनी जे लिहिलंय त्यात मला काही बदलायचं नाही. एवढंच जोडतो की सोलर घड्याळाच्या सेलला बऱ्याचदा पातळ पत्र्याची जिव्हाळी आधीच जोडलेली असते आणि तीच सर्किटला टेकते. साधा सेल टाकणारा माणूस ती जिव्हाळी काढून टाकतो किंवा वाकवून काम भागवतो. मुक्ताताई, पुढे कधी झाकण उघडलेलं बघायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा. सेलवर जिव्हाळी नसेल आणि घड्याळ जिव्हाळीचं असेल, तर तो त्याचा सेल नाही.

कॅसिओच्या सोलर घड्याळात फसवणूक आणखी सोपी आहे. त्यांच्या एका भरता येणाऱ्या सेलचं माप साध्या १६१६ नंबरच्या लिथियम सेलइतकंच आहे. व्होल्टेज मात्र २.३, आणि साध्याचं ३. खाचेत दोन्ही सारखेच बसतात.

मुक्ता_इंदिरानगर | ९ जुलै, रात्री ८:४५

काल-परवापासून घड्याळ खिडकीत ठेवलंय. काटा एकदा नीट एक-एक सेकंद चालायला लागला, पण रात्री पुन्हा दोन-दोन. म्हणजे सेल गेलाच ना?

काटेकोर | ९ जुलै, रात्री १०:३०

नाही, एवढ्यात नाही. तुमच्या खिडकीला जाळी किंवा दुधी काच आहे का? आणि गेले चार दिवस नाशिकला ऊन तरी कुठे आहे?

फरक किती असतो बघा. घरात ट्यूबलाइटखाली टेबलावर साधारण पाचशे लक्स उजेड पडतो. ढगाळ दिवशी बाहेर दहा हजारांच्या आसपास, आणि स्वच्छ दुपारच्या उन्हात एक लाखाच्या घरात. म्हणूनच अशा घड्याळांच्या पुस्तिकेत एकाच साठ्यासाठी उन्हात काही तास आणि ट्यूबलाइटखाली कित्येक पट वेळ लिहिलेला असतो. रिकामं झालेलं घड्याळ ट्यूबखाली ठेवून पूर्ण भरायचं म्हटलं तर आठवडे जातील. पूर्ण न भरता त्याची परीक्षा घ्यायची नाही, नाहीतर चांगला सेलही नापास होईल.

गच्चीवर ठेवा, डायल वर करून. ऊन निघेल तसं, तीन-चार दिवस मिळून आठ-दहा तास तरी थेट ऊन मिळू द्या. जास्त भरून बिघडायची भीती नाही, सर्किट स्वतः थांबवतं. भीती उष्णतेची आहे. साठ अंशांच्या वर नेऊ नये असं पुस्तिकेत असतं, म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्यावर नको. रुमालावर ठेवा आणि हात लावून बघा, चटका बसत असेल तर सावलीत घ्या.

पूर्ण भरल्यावर ते कापडात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवा. रोज एकदा बघा. चांगला सेल असेल तर आठवडाभरात काटा उडी मारणार नाही, कित्येक आठवडे मारणार नाही. चार-पाच दिवसांत उडी सुरू झाली तर मग सेलकडे बोट दाखवता येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. काही मॉडेलमध्ये अंधारात बराच वेळ गेला की वीज वाचवायला सेकंदकाटा बाराला येऊन थांबतो. तसं झालं तर घाबरू नका, उजेडात आणलं की सुरू होतं. तुमचं लक्ष फक्त दोन-दोनच्या उडीवर असू द्या.

पंचवटी_नीलिमा | १० जुलै, सकाळी ७:५५

हा धागा वाचून मी माझ्या मोठ्या दिरांच्या जुन्या किल्लीच्या घड्याळाचा विषय काढते, थोडा वेगळा आहे तरी. त्यांचं एचएमटी आहे, रोज सकाळी किल्ली द्यायची सवय. त्याला तर सेलच नाही. मग त्याला सर्व्हिस सेंटर हवं की घड्याळजी?

काटेकोर | १० जुलै, सकाळी ९:१५

नीलिमाताई, त्याला चांगला घड्याळजीच. त्या घड्याळात तेल सुकतं, धूळ बसते. पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा बसवणारा माणूस शोधा. फक्त झाकण उघडून फुंकर मारणारा नको. विचारा, "ओव्हरहॉलला किती दिवस लागतील?" तासाभरात देतो म्हणाला तर तिथे देऊ नका.

मुक्ता_इंदिरानगर | १९ जुलै, रात्री ९:३०

चार दिवस जसं ऊन मिळालं तसं गच्चीवर ठेवलं, बाबा स्वतः जाऊन सावली बघून जागा बदलत होते. काटा छान एक-एक सेकंद चालायला लागला. १४ तारखेला दुपारी बारा वाजता कापडात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं. १५, १६, १७ ला ठीक. १८ ला सकाळी आठ वाजता बघितलं तर पुन्हा दोन-दोनची उडी. म्हणजे चार दिवसही नाही. वेळ बरोबर आहे.

आता सांगा काका.

काटेकोर | १९ जुलै, रात्री ११:०५

बाबांनी ही परीक्षा मन लावून घेतली, त्यांना माझा नमस्कार सांगा. आता सेलवर संशय घ्यायला हरकत नाही. महिने टिकायचं ते चार दिवसांवर आलं, म्हणजे सेल भरतोय पण धरून ठेवत नाहीये. बारा वर्षं वापरल्यावर आणि शेवटी सात-आठ महिने अंधारात पडल्यावर असं होऊ शकतं.

दुसरीही एक शक्यता आहे, ती लपवत नाही. मशीनमधलं तेल घट्ट झालं असेल तर मोटर जास्त वीज ओढते आणि चांगला सेलही लवकर रिकामा होतो. तपासायचं तर झाकण उघडून मशीन किती वीज ओढतंय ते मीटरवर बघावं लागतं. ते मायक्रो-अँपिअरमधलं माप असतं, बाजारातल्या स्वस्त मीटरवर दिसत नाही. सेल बदलणारा हे माप घेतो का, तेवढं विचारा.

म्हणजे झाकण उघडणार हे आता नक्की. मग तुमचा पहिला प्रश्न येतो: काका की कंपनी. मी त्याचं उत्तर जागेवरून देणार नाही, कामावरून देईन. दोघांनाही तीनच गोष्टी विचारा. झाकणावरचा चार अक्षरी नंबर वाचून, या मशीनचा भरता येणारा सेल तुमच्याकडे आहे का? झाकणाखालची रबर रिंग नवीन टाकणार का? आणि झाकण लावल्यावर दाबाच्या मशीनवर तपासून देणार का? तुमच्या बाबतीत तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा, कारण बाबा पोहतात.

सिडकोचा_सागर | २० जुलै, सकाळी ८:२०

दाबाची मशीन कशाला? मागे १० बार लिहिलंय म्हणजे शंभर मीटर खोल पाणी. पोहण्याच्या तलावाची खोली किती? झाकण नीट घट्ट लावलं की झालं. आमचे दुकानदार तर समोर पाण्याच्या वाटीत बुडवून दाखवतात.

काटेकोर | २० जुलै, सकाळी १०:४०

सागर, १० बारच्या घड्याळाने पोहता येतं, हे बरोबर. ३ बार लिहिलेल्याने पोहू नये, तो आकडा हात धुण्यापुरता आणि पावसाच्या थेंबांपुरता. पण तो आकडा घड्याळ नवं असतानाचा आहे. पाणी अडवते ती झाकणाखालची रबराची बारीक रिंग, आणि वेळ लावायच्या क्राउनमध्ये तशीच एक. बारा वर्षांत ती रिंग चपटी होऊन खाचेच्या आकाराची होते. झाकण एकदा उघडलं की ती परत जशीच्या तशी बसत नाही. कधी बसवताना चिमटते, कधी एक केस अडकतो. घड्याळ बाहेरून तेच दिसतं, पण आता त्याला १० बार म्हणता येत नाही.

वाटीचा खेळ मला बघवत नाही. गळती असेल तर त्या परीक्षेत घड्याळ नापास होतं म्हणजे पाणी आत जातंच. आणि बारीक फट असेल तर दोन मिनिटांत, दाब नसताना, पाणी जाणारही नाही. मग तलावात हात मारताना, किंवा उन्हात तापलेलं घड्याळ एकदम गार पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते, तेव्हा ते पाणी ओढून घेतं.

खरी परीक्षा कोरडी असते. घड्याळ छोट्या डब्यात ठेवून हवेचा दाब चढवतात. दाबाने काच अगदी किंचित खाली जाते, ते माप मशीन घेतं. काच तशीच दाबलेली राहिली तर झाकण घट्ट. काच हळूहळू मूळ जागी यायला लागली तर हवा आत शिरतेय, म्हणजे गळती. पाण्याचा थेंबही लागत नाही, आणि नापास झालं तरी घड्याळाला काही होत नाही.

ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी निदान रिंग नवीन टाकून तिला सिलिकॉन ग्रीस लावावं. रोजच्या वापराला ते पुरतं. तलावाला नाही.

गंगापूर_रोडची_अश्विनी | २० जुलै, दुपारी १२:५०

दुसरी बाजूही मांडते. मी माझं साधं घड्याळ एका अधिकृत सेंटरला सेल बदलायला दिलं होतं. तीन आठवड्यांनी फोन आला की मशीन बदलावं लागेल, एवढे पैसे भरा. सेलसाठी दिलेल्या घड्याळाचं मशीन कसं बिघडलं, ते कुणी समजावून सांगितलं नाही. पैसे भरले, घड्याळ चालतंय, पण मनातून जात नाही. तेव्हापासून मी घड्याळ कोपऱ्यावरच्या दुकानातच देते. तिथे माझ्यासमोर उघडतात.

काटेकोर | २० जुलै, दुपारी ३:३०

अश्विनीताई, तुमचा राग योग्य आहे, सांगायला हवं होतं. साध्या क्वार्ट्‌झ घड्याळात आतलं मशीन इतकं स्वस्त असतं की त्यात बिघाड शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा अख्खं बदलणं परवडतं. म्हणून सेंटरमध्ये दुरुस्ती कमी आणि बदली जास्त होते. पण देताना पावतीवर लिहून घ्यायचं: सेलशिवाय काही करायचं तर आधी फोन करा, आणि काढलेलं जुनं मशीन किंवा सेल परत द्या. मी मागितलेला जुना सेल कुणी नाकारल्याचं मला आठवत नाही.

आणि साध्या घड्याळाला, पाण्यात न घालणाऱ्याला, समोर उघडणारा ओळखीचा माणूस माझ्याही मते चांगला. त्याने धातूच्या चिमट्याऐवजी प्लास्टिकचा चिमटा घेतला आणि सेलला बोट लावलं नाही, एवढं बघितलं तरी माणूस कळतो. धातूचा चिमटा सेलच्या वरच्या आणि कडेच्या भागाला एकदम टेकला की सेल तिथेच थोडा रिकामा होतो.

मुक्ता_इंदिरानगर | २२ जुलै, संध्याकाळी ७:१५

दोन्हीकडे जाऊन आले.

मेन रोडच्या काकांना नंबर वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून झाकण नीट बघितलं आणि स्वतःहून म्हणाले, "पोरी, परवा मी डायल नीट बघितला नव्हता. याचा सेल माझ्याकडे नाही. मुंबईहून मागवून देईन, आठ-दहा दिवस लागतील, नऊशे रुपये. रिंग नवीन टाकीन. दाबाची मशीन माझ्याकडे नाही, म्हणून पाण्यात घालू नका असं पावतीवर लिहीन." मला त्यांचा खूप आदर वाटला.

सर्व्हिस सेंटरला तेच तीन प्रश्न विचारले. सेल मूळ, रिंग नवीन, दाबाची परीक्षा करून देणार, वीज किती ओढतंय ते तपासणार. अंदाज अठराशे पन्नास, वेळ तीन आठवडे. पावतीवर 'सेल, रिंग, दाबाची परीक्षा' एवढंच लिहून घेतलं, आणि 'इतर काम फोन केल्याशिवाय नको, जुना सेल परत'.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, तलावात घालायचं असेल तर सेंटर, नाहीतर काका. मग स्वतःच म्हणाले, तलावातच घालायचंय. आज देऊन आले.

आता पट्टा. सागरदादांनी २२ सांगितलंय. कुठे मोजायचं?

काटेकोर | २२ जुलै, रात्री ९:४०

पट्टा मोजायचा नाही, घड्याळ मोजायचं. घड्याळाच्या वरच्या बाजूला दोन शिंगं असतात, त्यांच्या आतल्या भिंतींमधलं अंतर. पट्टा बक्कलाकडे निमुळता होत जातो, तिथलं माप धरलं तर फसाल. तुमच्याकडे आता घड्याळ नाही, पण जुना पट्टा आहे ना? घड्याळाकडच्या टोकाची रुंदी मोजा. साधी शाळेची पट्टी चालेल. बहुतेक १८, २० किंवा २२ येईल.

मुक्ता_इंदिरानगर | २२ जुलै, रात्री १०:०५

२० आलं. दोनदा मोजलं.

सिडकोचा_सागर | २२ जुलै, रात्री १०:१७

२२ सांगून चुकलो, ताई. माझ्या सगळ्या घड्याळांना २२ लागतो म्हणून तेच लिहिलं.

काटेकोर | २२ जुलै, रात्री १०:५०

टोक सरळ आहे की घड्याळाच्या गोलाईप्रमाणे वळलेलं? वळलेलं असेल तर सरळ पट्टा बसेल पण मध्ये फट दिसेल. आणि तलावासाठी चामड्याचा घेऊ नका, दोन महिन्यांत वास येईल. सिलिकॉनचा घ्या, तो काकांकडूनच घ्या आणि त्यांच्याकडूनच बसवून घ्या. पट्ट्याबरोबर स्प्रिंगच्या दांड्याही नवीन मागा, दहा-वीस रुपयांचं काम आहे. घामाने आणि क्लोरीनच्या पाण्याने जुन्या दांड्या आतून गंजतात. घड्याळ हातातून पडतं ते बऱ्याचदा पट्टा तुटून नाही, दांडी सुटून.

मुक्ता_इंदिरानगर | १४ ऑगस्ट, रात्री ८:३०

घड्याळ काल आलं. जुना सेल छोट्या पुडीत दिलाय, त्याला तुम्ही सांगितलेली जिव्हाळी आहे! पावतीवर मशीनची वीज 'मर्यादेत' असं लिहिलंय, म्हणजे तेलाची भीती खोटी ठरली. दाबाच्या परीक्षेचा शिक्का आहे. बिल अठराशे वीस. पट्टा आणि दांड्या काकांनी साडेतीनशेत बसवल्या.

ड्रॉवरची परीक्षा पुन्हा घ्यायची म्हणून आज दुपारी गुंडाळून ठेवणार होते, तर बाबांनी हातातून काढूच दिलं नाही.

ओझरचा_दत्ता | १४ ऑगस्ट, रात्री ९:०२

मस्त! एक विचारायचं होतं. माझ्या ड्रॉवरमधल्या घड्याळात नवीन मशीन टाकायचं म्हटलं तर ते मेन रोडच्या काकांसारख्या माणसाकडून टाकून घेता येईल का, की सोलरचं मशीन फक्त कंपनीच देते?

काटेकोर | १४ ऑगस्ट, रात्री १०:२५

दत्ताभाऊ, काही सोलर मशीन बाहेर मिळतात, काही नाही. झाकणावरचा नंबर लिहा. आणि खार अजून आत तसाच असेल तर आधी तो सेल काढून टाका, नवं मशीन येईपर्यंत तो पुढेच सरकत राहील.